ॲपमध्ये रिफंड झालाय म्हणतात, मग पैसे अडकलेत कुठे?

प्रश्न: मिक्सर परत केला, ॲपवर ‘रिफंड प्रोसेस्ड’ येऊन आठवडा झाला तरी पैसे नाहीत. कस्टमर केअर म्हणतं बँकेला विचारा, बँक म्हणते दुकानाला विचारा. कार्ड, बँक, वॉलेट यात वेगवेगळे दिवस लागतात का? मी कोपरखैरण्यात राहतो.

उत्तर: हो, लागतात. मी ऐरोलीत पेमेंटच्या बॅकऑफिसला काम करतो आणि आमच्याकडे निम्मी डोकेदुखी याच प्रश्नाची असते. ‘प्रोसेस्ड’ म्हणजे दुकानाने पैसे सोडायला सांगितले एवढंच, तुमच्या खात्यात पोचले असं नाही. मधे पेमेंट गेटवे, दुकानाची बँक, कार्डचं नेटवर्क आणि शेवटी तुमची बँक, एवढे सगळे बसलेत.

आमच्या शेजारच्या काकूंचं सांगतो, त्यात सगळं येतं. ३,४९९ ची ऑर्डर, त्यातले ५०० त्या दुकानाच्याच वॉलेटमधून आणि २,९९९ क्रेडिट कार्डावर. रिटर्न पास झाल्यावर ५०० त्याच संध्याकाळी दिसले, कारण दुकानाचं स्वतःचं वॉलेट म्हणजे त्यांच्याच वहीतली एक नोंद, बाहेरच्या कुणाला विचारायचंच नाही. २,९९९ चा मात्र पत्ता नाही. काकू रोज सेव्हिंगचं पासबुक बघत होत्या, आणि पैसे तिथे येणारच नव्हते! रिफंड सहसा जिथून पैसे गेले तिथेच परत जातो, म्हणजे कार्डाच्या खात्यात. तो बँकेच्या कार्ड ॲपमध्ये क्रेडिट म्हणून दिसतो, नावापुढे दुकानाऐवजी कधीकधी गेटवेचं किंवा कंपनीचं कागदोपत्री नाव असतं, म्हणून रक्कम बघून शोधा.

साधारण अंदाज असा की कार्डावर पाच ते सात कामाचे दिवस, नेटबँकिंगलाही जवळपास तसंच. यूपीआयला बऱ्याचदा लवकर येतात, पण दोन-तीन दिवस धरून चला. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर तुम्ही दिलेल्या खात्यात पाठवतात, तिथे आयएफएससी किंवा खाते नंबर चुकला की परत फिरतात. आणि कामाचे दिवस म्हणजे दुसरा-चौथा शनिवार, रविवार, सण सोडून, त्यामुळे शनिवारी बँकेला सुट्टी असेल तर शुक्रवारी रात्री आलेला मेसेज खरं तर सोमवारपासून मोजायचा.

आता तुमचं टोलवाटोलवीचं दुखणं. दुकानाला ‘रिफंड कुठेय’ असं विचारू नका, रिफंडच्या व्यवहाराचा नंबर मागा, ज्यावरून बँक तो शोधू शकते. कार्ड असेल तर एआरएन, तो २३ अंकी असतो, यूपीआय असेल तर १२ अंकी आरआरएन, खात्यात थेट पाठवले असतील तर यूटीआर. ऑर्डर नंबर बँकेच्या काही कामाचा नाही. नंबर देऊ शकले नाहीत तर बहुतेक वेळा पैसे त्यांच्याकडूनच निघालेले नाहीत, मग ॲपमध्ये काहीही दिसू दे. नंबर मिळाला की तो घेऊन कार्डाच्या बँकेच्या केअरला ‘या एआरएनचं क्रेडिट पोस्ट झालं का’ एवढंच विचारायचं. काकूंनी एआरएन मेलवर मागून घेतला, बँकेने शोधलं तर पैसे आधीच आलेले, स्टेटमेंट तयार झाल्यावर आले होते म्हणून जुन्या बिलात दिसत नव्हते.

एक अपवाद लक्षात ठेवा, ऑर्डर लगेच कॅन्सल केली आणि पैसे दुकानाने उचललेच नव्हते तर एआरएन बनतच नाही, कार्डावर अडकवलेली रक्कम नुसती सुटते आणि ती नोंद गायब होते. वेगळं क्रेडिट शोधत बसाल तर कधीच सापडणार नाही.

क्रेडिट कार्ड असेल तर रिफंडच्या भरवशावर बिल थांबवू नका. नियम असा आहे की ड्यू डेटच्या आधी रिफंड आला आणि ती रक्कम तुम्ही भरलेली नसेल तर बँकेने ती लगेच देय रकमेतून वळती करून तुम्हाला कळवायचं. पण तो ड्यू डेटनंतर आला तर व्याज तुमच्याच अंगावर, आणि ते दुकान भरत नाही.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ते रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक फेल झालेल्या व्यवहारांचं आहे, म्हणजे पैसे कापले पण पेमेंट लागलंच नाही, दुकानात यूपीआयने असं झालं तर पाच दिवसांत परत यायला हवेत. तुम्ही वस्तू घेऊन परत केलीत, त्याला ते लागू नाही. तुमचा मार्ग म्हणजे दुकानाच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल (ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण द्यायला हवं), मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. एआरएन असूनही बँकच हात वर करत असेल तर बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे. नंबरच मिळत नसेल तर कार्डाच्या बँकेकडे रिटर्नची पावती जोडून डिस्प्यूट टाका, त्याला मुदत असते, त्यामुळे महिनोन्महिने वाट बघू नका.

आणि केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. रिफंड मिळवायला यूपीआय पिन टाका असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही. तुमचं पेमेंट नक्की कशाने झालं होतं ते खाली लिहा, मग पुढचं सांगतो.