त्याच चिकणमातीला ३ वर्षं की १२ वर्षं? भांडण सगळं H चं आहे

प्रश्न: पारडीच्या पुढे एका लेआउटची साइट आहे. खोलगट भागात ४ मीटर जाड, पाण्यात भिजलेली चिकणमाती, तिच्याखाली मुरूम. वर अडीच मीटर भराव टाकतोय. लॅबमध्ये २० मिमीचा नमुना ३६ मिनिटांत ९० टक्के दबला. कन्सल्टंट म्हणतात साइटवर ९० टक्क्यांना ३ वर्षं लागतील, आमचे सर म्हणतात १२. रिपोर्ट दोघांकडे एकच. सूत्रात H म्हणजे थराची जाडी की निम्मी? आणि आतला सिमेंट रस्ता कधी टाकायचा?

उत्तर:

दोघांचंही गणित बरोबर आहे. कन्सल्टंटनी H = २ मीटर धरलाय, तुमच्या सरांनी ४ मीटर. म्हणजे वाद गणिताचा नाही, तुमचा मुरूम पाणी घेतो की नाही याचा आहे.

H ही थराची जाडी नाही. थरातल्या सगळ्यात अडचणीत सापडलेल्या थेंबाला बाहेर पडायला जास्तीत जास्त किती अंतर कापावं लागतं, ते अंतर म्हणजे H. त्यालाच ड्रेनेज पाथ म्हणतात. वरून आणि खालून दोन्हीकडून पाणी निघत असेल तर मधला थेंब सगळ्यात दूरचा, म्हणून H जाडीच्या निम्मा. खालचा थर पाणी घेतच नसेल तर अगदी तळाच्या थेंबाला पूर्ण जाडी चढून वर यावं लागतं, म्हणून H पूर्ण.

आता निम्म्या अंतराला चौपट फरक का? भराव पडल्या क्षणी त्याचा सगळा भार मातीतल्या पाण्यावर येतो. पाणी निघेल तसतसा तो कणांवर उतरतो आणि थर दबतो. ड्रेनेज पाथ दुप्पट झाला की बाहेर काढायचं पाणीही दुप्पट होतं. शिवाय तोच दाब दुप्पट अंतरात वाटला गेल्यामुळे पाण्याला ढकलणारा उतार निम्मा राहतो. दुप्पट पाणी, निम्मा वेग, म्हणून वेळ चौपट. टर्झागीच्या सूत्रात H चा वर्ग येतो तो यामुळेच:

```
Tv = cv × t / H²
```

cv म्हणजे माती किती वेगाने दबते ते सांगणारा गुणांक, t म्हणजे वेळ. Tv हा नुसता आकडा आहे, त्याला एकक नाही. डिग्री ऑफ कॉन्सॉलिडेशन, म्हणजे U, ५० टक्के असेल तर Tv = ०.१९७ आणि ९० टक्के असेल तर ०.८४८.

तुमचेच आकडे घेऊ. लॅबच्या रिंगमध्ये नमुन्याच्या वर आणि खाली पोरस स्टोन असतो, म्हणजे तिथे कायम दुहेरी ड्रेनेज. भाराच्या त्या टप्प्यात नमुन्याची सरासरी जाडी १९.२ मिमी धरली तर H = ९.६ मिमी. इथे सरळ २० टाकणारे खूप जण भेटतात, आणि मग cv एकदम चौपटीच्या वर जातो. टेलरच्या वर्गमूळ-वेळेच्या आलेखावरून t90 = ३६ मिनिटं, म्हणून

```
cv = ०.८४८ × (०.००९६)² / ३६
   = २.१७ × १०⁻⁶ मी²/मिनिट
   ≈ १.१४ मी²/वर्ष
```

हे ३६ मिनिटं भाराच्या कोणत्या टप्प्यातले आहेत तेवढं रिपोर्टात बघा. थराच्या मध्यावर आधीचा दाब आणि भरावानंतरचा दाब ज्या टप्प्यात बसतात, तोच घ्यायचा. ४०० किलोपास्कलच्या टप्प्याचा cv इथे कामाचा नाही.

आता साइटवर. H = २ मीटर असेल तर t90 = ०.८४८ × ४ / १.१४ = २.९७ वर्षं. H = ४ मीटर असेल तर ०.८४८ × १६ / १.१४ = ११.९ वर्षं. हेच ते ३ आणि १२. cv न काढताही पडताळता येतं: माती तीच आणि U तेवढाच असेल तर वेळ H च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९.६ मिमीचे २००० मिमी झाले म्हणजे २०८ पट. त्याचा वर्ग साधारण ४३,४००. ३६ मिनिटांना त्याने गुणा, तीनच वर्षं येतात.

रस्त्यासाठी मात्र उलटा प्रश्न विचारायचा: अमुक महिन्यांत किती बसेल, आणि किती बाकी राहील? अडीच मीटर भराव, एकक वजन १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं तर भार ४७.५ किलोपास्कल. दाबाच्या दर एककाला माती किती दबते तो आकडा म्हणजे mv. तुमच्या रिपोर्टातला mv मला माहीत नाही, मी ०.०००५ मी²/किलोन्यूटन धरतो. शेवटचं सेटलमेंट ०.०००५ × ४७.५ × ४ = ०.०९५ मीटर, म्हणजे ९५ मिमी. हा आकडा दोन्ही बाजूंना सारखाच. ड्रेनेज पाथने किती बसेल ते बदलत नाही, कधी बसेल तेवढंच बदलतं.

एका वर्षानंतर दुहेरी ड्रेनेजला Tv = १.१४ × १ / ४ = ०.२८५, म्हणजे U साधारण ६० टक्के: ५७ मिमी बसलं, ३८ बाकी. एकेरीला Tv = ०.०७१. U ६० टक्क्यांच्या आत असेपर्यंत Tv = (π/४) × U² चालतं, त्यातून U ३० टक्के येतो: २९ मिमी बसलं, ६६ बाकी.

समजा रस्त्याखाली २५ मिमीपेक्षा जास्त बाकी नको. म्हणजे आधी ७० मिमी बसून घ्यायला हवं, U = ७३.७ टक्के. ६० च्या पुढे सूत्र वेगळं लागतं:

```
Tv = १.७८१ − ०.९३३ × log₁₀(१०० − U%)
   = १.७८१ − ०.९३३ × log₁₀(२६.३)
   ≈ ०.४५६
```

दुहेरीला वेळ ०.४५६ × ४ / १.१४ = १.६ वर्षं, म्हणजे १९ महिने. एकेरीला ६.४ वर्षं. १९ महिने थांबायला मालक कुरकुरत का होईना तयार होईल, साडेसहा वर्षं कोणी थांबत नाही. भराव दोन-तीन महिन्यांत टाकला असेल तर वेळ त्या काळाच्या मध्यापासून मोजा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. U ६० टक्के ही पूर्ण थराची सरासरी आहे. कडेची माती जवळपास पूर्ण दबलेली असते, मधली मागे असते. दुहेरी ड्रेनेजलाही एका वर्षानंतर थराच्या मध्यावर मूळच्या जादा दाबापैकी ६३ टक्के शिल्लक असतो. ४७.५ पैकी सुमारे ३० किलोपास्कल, म्हणजे तिथलं पाणी स्थिर पातळीच्या ३ मीटर वर चढू पाहतंय. म्हणून ६० टक्के झाले म्हणजे सगळ्या थराची ताकद तेवढी वाढली असं धरून भरावाची उंची वाढवू नका. मधल्या मातीत भाराचा जेमतेम ३७ टक्के भाग कणांवर उतरलेला असतो.

आता मुरूम. आपल्याकडे बोअर लॉगमध्ये 'मुरूम' लिहिलं की लोक डोळे मिटून दुहेरी ड्रेनेज धरतात. बेसॉल्ट झिजून झालेला मुरूम वरच्या अर्ध्या-एक मीटरमध्ये कित्येकदा चिकणाच असतो, हातात घेऊन ओला केला तर दोरा वळतो. तरीही तो पाणी घेत नाही असं लगेच म्हणू नका, कारण तुलना तुमच्या मातीशी करायची आहे. वरच्याच आकड्यांवरून तिची पारगम्यता काढा: k = cv × mv × γw, यात γw म्हणजे पाण्याचं एकक वजन. k येतो वर्षाला ५.६ मिमी, म्हणजे सेकंदाला १.८ × १०⁻¹⁰ मीटर. मातकट मुरूम १०⁻⁷ चा निघाला तरी तो पाचशे पट मोकळा आहे. अट एकच, त्या पाण्याला पुढे जायला वाट हवी. मुरूम म्हणजे चहूबाजूंनी चिकणमातीने बंद झालेला कप्पा असेल तर थोडं पाणी घेऊन तो गप्प बसतो. मुरुमात बोअर नेताना पाणी गळत होतं का, हे ड्रिलिंगवाल्याला विचारा. लॉगमधल्या एका शब्दापेक्षा ते जास्त सांगतं.

हीच शंका वरच्या बाजूलाही घ्या. चिकणा मुरूम थेट मातीवर टाकून रोलरने घट्ट बसवला तर वरची वाटही अरुंद होते. मध्ये ३०० मिमी वाळूचा थर टाकून तो कडेच्या नालीपर्यंत नेला की वरच्या बाजूची काळजी मिटते. भराव अजून पूर्ण झाला नसेल तर ही संधी सोडू नका.

थरात वाळूची सलग पट्टी असेल तर चित्र अजून बदलतं. बरोबर मध्यावर असेल आणि तिला बाहेर वाट असेल तर H एक मीटरवर येतो आणि ९० टक्के ९ महिन्यांत होतात. असली बोटभर पट्टी एसपीटीमध्ये दिसत नाही. अनडिस्टर्ब्ड नमुना उभा चिरून एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या. वाळूच्या रेघा आधी फिक्या पडतात, मग लपत नाहीत.

हे सगळं पाण्याखालच्या, पूर्ण भिजलेल्या मातीचं आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी वरची काळी माती त्या ४ मीटरमध्ये मोजली असेल तर ती वजा करा. तिचं फुगणं-आकसणं या सिद्धांतात बसत नाही.

तुमचा वाद साइटवरच मिटवायचा असेल तर नुसत्या सेटलमेंट प्लेटवर राहू नका. तीन महिन्यांनी प्लेट दुहेरीला २९ आणि एकेरीला १४ मिमी दाखवेल. पण हे आकडे शेवटचं सेटलमेंट ९५ असेल तरच खरे. mv दुप्पट निघाला तर एकेरीतही २९ दिसेल आणि तुम्ही फसाल. त्याऐवजी मुरुमाच्या ३०० मिमी वर, मातीत, एक पिझोमीटर बसवा. साधी उभी नळी नको, एवढ्या कमी पारगम्यतेत ती फार उशिरा प्रतिसाद देते. व्हायब्रेटिंग वायरचा घ्या. तीन महिन्यांनी मुरूम पाणी घेत असेल तर तिथला जादा दाब १५ किलोपास्कलच्या आसपास उतरलेला असेल. घेत नसेल तर ४७ च्या खाली हललेलाही नसेल. mv किती का असेना, हा फरक तसाच राहतो. पिझोमीटर भराव टाकण्याआधी बसवा आणि सुरुवातीचं रीडिंग लिहून ठेवा, नाहीतर जादा दाब कशातून वजा करून काढणार?