फळे, फुले की मिठाई: निवड कशी करावी?

प्रश्न: फळे, फुले किंवा मिठाईचा व्यवसाय निवडताना हंगामी उत्पन्न आणि नासाडी यांचा हिशोब कसा करावा?

उत्तर: नफ्याच्या टक्क्यापेक्षा आधी मंदीच्या महिन्यातला उरलेला माल मोजावा. समजा, फुलांची जुडी 40 रुपयांना घेऊन 100 रुपयांना विकली जाते. 100 जुड्यांपैकी 80 विकल्या गेल्या, तर 6,000 ऐवजी 4,000 रुपयेच सुटतात. 40 विकल्या, तर काहीच उरत नाही आणि भाडे व मजुरी हंगामातल्या शिलकीतून द्यावी लागते. म्हणून हंगामाची कमाई खर्चण्यापूर्वी मंदीच्या सर्व महिन्यांचा स्थिर खर्च बाजूला काढावा. तो निघत नसेल, तर ती कल्पना सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुलांना दुसरा उपयोग क्वचितच मिळतो. फळे मात्र पिकून नासण्याआधी मुरंबा किंवा वाळवणात वळवता येतात, अर्थात त्यासाठी भांडवल आणखी काही महिने अडकते. मिठाईत साखर जास्त आणि ओलावा कमी असलेले प्रकार टिकतात, तर दुधाचे ओलसर प्रकार लवकर आंबतात. त्यामुळे ते मागणी नोंदवून, आगाऊ रक्कम घेऊनच करावेत.