दिवाळीच्या कॉर्पोरेट ऑर्डरमध्ये यादीच आधी सांभाळा

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एखाद्या कंपनीने संत्रा बर्फीचे 120 डबे सांगितले आणि घरपोच पत्त्यांची एक्सेल यादी पाठवली, तर तिला हात लावण्याआधी पहिला रकाना नवा करा आणि प्रत्येक ओळीला 1 ते 120 क्रमांक द्या. पार्सलं चुकीच्या माणसाकडे जातात ती बहुतेक वेळा इथूनच: कुणीतरी फक्त पिनचा रकाना निवडून सॉर्ट करतं, नावं जागेवर राहतात आणि पिन हलतात. यादी नुसती पाहून हे कळत नाही. म्हणून पिन आणि शहर जुळतंय का बघा. नागपूर शहराचा पिन 440 ने सुरू होतो, पुण्याचा 411 ने. पत्ता कोथरूडचा आणि पिन 440010 दिसला, की थांबा. एकच ओळ असेल तर बहुधा नागपूरच्या ऑफिसचा पिन भरलाय. अनेक असतील तर यादीच सरकली आहे. दुरुस्ती स्वतः करू नका, एचआरकडून लेखी घ्या.

तोच क्रमांक आतल्या नावाच्या कार्डामागे आणि बाहेरच्या लेबलवर लिहा. डबा बंद करताना दोन्ही जुळवा, हे काम एकाच माणसाकडे ठेवा. कुरिअरचा ट्रॅकिंग नंबरही त्याच ओळीत टाका.

‘डिलिव्हर्ड’ दिसूनही मिळालं नाही अशी तक्रार आली, तर कुरिअरकडे त्याच दिवशी पोचपावती मागा. मिठाई परत मागवून पुढे पाठवता येत नाही, त्यामुळे चार-पाच डबे जास्तीचे धरूनच दर सांगा.