उभ्या गरम प्लेटमधून हवेत किती वॅट जातात? हिशोब ८३ म्हणतो, मीटर २२० दाखवतो

प्रश्न: ६० सेमी उंच, ५० सेमी रुंद काळा रंग दिलेली स्टीलची प्लेट उभी ठेवलीये, मागून हीटर आणि जाड इन्सुलेशन. पुढचा पृष्ठभाग ९० डिग्रीला स्थिर, खोली ३० डिग्री, पंखा बंद. नसेल्ट नंबरने काढलं तर ८३ वॅट येतात पण हीटर २२० वॅट खातोय. सूत्र चुकलं का?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे आणि मीटरही बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. तुमचे ८३ कसे येतात ते आधी बघू, म्हणजे उरलेले कुठे गेले ते आपोआप कळेल.

```
Ra = g β (Ts − T∞) L³ Pr / ν²
Nu = 0.59 Ra^(1/4)      (Ra: 10^4 ते 10^9)
h  = Nu k / L
Q  = h A (Ts − T∞)
```

हवेचे गुणधर्म प्लेटच्या तापमानाला घ्यायचे नाहीत आणि खोलीच्याही नाही, दोन्हीच्या मधल्या तापमानाला घ्यायचे, म्हणजे इथे ६० डिग्री. त्याला `ν = 1.90e-5`, `k = 0.0281`, `Pr = 0.72`, सगळं एसआय युनिटमध्ये. बीटा म्हणजे १ भागिले ३३३, केल्विनमध्ये. तिथे कोणी चुकून १ भागिले ६० टाकलं तर उत्तर दीडपटीपेक्षा जास्त येतं आणि तरी ते दिसायला ठीकठाकच वाटतं, त्यामुळे ही चूक पटकन सापडत नाही. L म्हणजे उंची, ०.६ मीटर, रुंदीचा इथे काही संबंध नाही कारण हवा खालून वर चढते आणि तिला जेवढा रस्ता चढायचाय तेवढंच महत्त्वाचं, रुंदी फक्त शेवटी क्षेत्रफळात येते.

आकडे टाकले की ग्रॅशॉफ नंबर साधारण १०६ कोटी येतो, प्रांटलने गुणला की रेले नंबर ७६ कोटी. १०० कोटीच्या आसपास प्रवाह लॅमिनरचा टर्ब्युलंट व्हायला लागतो, म्हणजे तुम्ही सीमेच्या अलीकडे आहात पण फार लांब नाही. ७६ कोटीचं चौथं मूळ १६६, गुणिले ०.५९ म्हणजे नसेल्ट ९८. मग h येतो ४.६, क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर, फरक ६० डिग्री, झाले ८३ वॅट.

आता हा ९८ म्हणजे नक्की काय ते एकदा डोक्यात बसलं पाहिजे, नाहीतर हे सगळं नुसतं आकडे भरणं होतं. समजा प्लेटसमोर ६० सेमी जाडीचा हवेचा थर आहे आणि तो अजिबात हलत नाही, नुसत्या कंडक्शनने उष्णता जाते, तर फक्त ०.८४ वॅट जातील. हवा तापून हलकी होऊन वर चढते आणि खालून गार हवा आत येते म्हणून प्रत्यक्षात त्याच्या ९८ पट जातात. उलटं बघायचं तर ६० सेमी भागिले ९८, म्हणजे तुमची प्लेट जणू ६ मिलिमीटरच्या स्थिर हवेच्या थरातून उष्णता टाकतेय. रेले नंबर एवढंच सांगतो की वर ढकलणारा जोर, चिकटपणा आणि उष्णतेचं पसरणं या दोघांवर किती भारी आहे.

आणि चौथ्या मुळामुळे एक मोठी सोय होते. व्हिस्कॉसिटी १० टक्के चुकली तरी उत्तर ५ टक्केच हलतं, त्यामुळे गुणधर्मांचे चौथे दशांश शोधत बसू नका. पण याच कारणाने चूक लपतेही, वर बीटाचं झालं तसं.

त्यापेक्षा मोठी अनिश्चितता सूत्रातच आहे. याच रेले नंबरला चर्चिल आणि चू यांचं सगळ्या रेंजला चालणारं सूत्र लावलं तर नसेल्ट ११३ येतो म्हणजे ९५ वॅट, आणि त्यांचंच फक्त लॅमिनरसाठीचं सूत्र लावलं तर ८६ म्हणजे ७३ वॅट. तीनही सूत्रं पुस्तकात छापलेली, तीनही इथे चालणारी, आणि उत्तरात २२ वॅटचा फरक. त्यामुळे ८२.६ असं दशांशात लिहिण्यात अर्थ नाही, "७० ते ९५ च्या मध्ये कुठेतरी" हे जास्त प्रामाणिक उत्तर आहे. मी स्वतः प्रवाह नक्की लॅमिनर आहे असं माहीत असेल तेव्हाच लॅमिनरवालं धरतो, सीमेच्या एवढ्या जवळ असताना मधला आकडा घेऊन रेंज सोबत लिहितो.

पण कुठलंही सूत्र घ्या, २२० काही होत नाही. कारण नसेल्ट नंबर फक्त हवेने नेलेली उष्णता सांगतो, रेडिएशन त्यात नसतंच, ते वेगळं काढून मिळवावं लागतं. काळ्या रंगाची एमिसिव्हिटी ०.९ धरा, तापमानं केल्विनमध्ये, ३६३ आणि ३०३:

```
Qr = ε σ A (Ts⁴ − T∞⁴)
   = 0.9 × 5.67e-8 × 0.3 × (363⁴ − 303⁴) ≈ 137 W
```

८३ आणि १३७, झाले २२०. बरोबर आकड्यावर बसलं हा थोडा योगायोग आहे, वरची रेंज बघता २१० किंवा २३० आलं असतं तरी मी समाधानी असतो. लक्षात घ्यायची गोष्ट ही की पंखा नसताना, रंग दिलेल्या पृष्ठभागावर, रेडिएशन हवेपेक्षा जास्त उष्णता नेतं. पंखा लावला की हवेचा वाटा वाढून हे मागे पडतं, म्हणून फोर्स्ड कन्व्हेक्शनची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात.

खात्री करायची असेल तर सोपं आहे. प्लेटवर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चिकटवा, फुगे राहू देऊ नका, आणि हीटर कमी करत करत पृष्ठभाग परत ९० ला आणून स्थिर होऊ द्या. फॉइलची एमिसिव्हिटी ०.०५ च्या आसपास असते त्यामुळे रेडिएशन ८ वॅटवर येईल आणि मीटर ९० च्या जवळपास दिसला पाहिजे. तसं न होता तो १३०-१४० वर अडकला तर मागच्या इन्सुलेशनमधून किंवा कडांमधून गळती आहे. तापमान मात्र थर्मोकपलने मोजा, इन्फ्रारेड गनने नाही, चकचकीत फॉइलवर ती गन समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब वाचते आणि खूप कमी तापमान दाखवते.

दोन गोष्टी अजून, मोजताना त्रास देतील अशा. खोलीत वाऱ्याची झुळूक असेल तर ग्रॅशॉफ भागिले रेनॉल्ड्सचा वर्ग काढा, सेकंदाला १ मीटर वाऱ्याला तो तुमच्या प्लेटसाठी साधारण १ येतो, म्हणजे तेवढा वारा नॅचरल कन्व्हेक्शनच्या तोडीस तोड झाला आणि हे सूत्र एकटं पुरत नाही. दुसरं म्हणजे प्लेटच्या वरच्या टोकाला गरम हवेचा थर दोन-अडीच सेमी जाड झालेला असतो, त्यामुळे समोर तेवढ्याच अंतरावर दुसरा पत्रा किंवा कव्हर असेल तर हवेला मोकळं चढताच येत नाही, तिथे फटीसाठीची वेगळी समीकरणं लागतात आणि त्यात उंचीसोबत फटीची रुंदीही येते.