स्लाइड मुद्दा सांगते, कात्री वाक्यावर चालते

प्रश्न: आमच्या कंपनीतल्या ट्रेनिंगचं दीड तासाचं रेकॉर्डिंग आहे. ट्रान्सक्रिप्ट आणि स्लाइड्स दोन्ही आहेत. त्यातून पाचेक मिनिटांचा हायलाइट व्हिडिओ आपोआप तयार होईल का?

होईल, पण स्लाइड आणि ट्रान्सक्रिप्ट यांना वेगवेगळी कामं द्या. विषय कुठे बदलला हे स्लाइडवरून ठरवा आणि क्लिप नेमकी कुठे कापायची हे ट्रान्सक्रिप्टवरून. दोन्ही कामं स्लाइडवर सोपवली की माणूस अर्ध्या शब्दात बोलायला लागतो आणि अर्ध्या शब्दात गप्प होतो.

मी गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघतो. उदाहरण आमच्याकडच्या लॉकआउट-टॅगआउटच्या सत्राचं देतो, म्हणजे दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून स्विचला कुलूप आणि टॅग लावायची पद्धत.

आधी ffmpeg या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामने स्लाइड कधी बदलली ते काढा:

```
ffmpeg -i training.mp4 -an -vf "crop=iw*0.75:ih:0:0,select='gt(scene,0.1)',showinfo" -f null -
```

`crop` अशासाठी, की उजवीकडच्या चौकटीत ट्रेनर हात हलवतो आणि तोही बदल म्हणून मोजला जातो. तुमची चौकट दुसरीकडे असेल तर आकडे बदला. सिनेमातले शॉट ओळखायला ०.३-०.४ चा उंबरठा चालतो. स्लाइड्सची पार्श्वभूमी मात्र एकच असते, दोन स्लाइड्समध्ये थोडी अक्षरंच बदलतात, म्हणून मी ०.१ पासून सुरुवात करून गरजेप्रमाणे खाली येतो. एकेक ओळ येणारं अ‍ॅनिमेशन असेल तर एकाच स्लाइडचे चार बदल दिसतात. चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या टेसरॅक्ट प्रोग्रामने फक्त शीर्षक वाचून घ्या आणि शीर्षक तेच असेल तर ते बदल एकत्र करा.

आता निवड. स्लाइड किती वेळ पडद्यावर होती यावर जाऊ नका. आमच्याकडे सर्वात जास्त वेळ राहिलेल्या स्लाइडवर चहाची सुट्टी झाली होती. प्रत्येक वाक्याला गुण द्या: स्लाइडच्या शीर्षकातला शब्द वाक्यात आला तर दोन, ‘लक्षात ठेवा’ किंवा ‘इथेच चुकतं’ असं काही आलं तर एक. ट्रेनर पुढे जाऊन पुन्हा त्याच स्लाइडवर परतला असेल तर आणखी दोन. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण, कारण समोरच्यांना काहीतरी कळलेलं नसतं. मग प्रत्येक स्लाइडमधलं एकच सर्वोत्तम वाक्य घ्या. पूर्ण सत्रातून वरची दहा घेतलीत तर बोलघेवडी एखादी स्लाइडच सगळा वेळ खाते.

‘साठलेली ऊर्जा’ ही स्लाइड २३:४१ ला आली. पण ट्रेनर २३:३४ लाच म्हणत होता, “मेन स्विच बंद केला तरी ब्लिस्टर मशीनच्या लाइनमध्ये हवेचा दाब राहतो.” बोलणारा मुद्दा सुरू करतो आणि मग बटण दाबतो, म्हणून स्लाइड बदलण्याआधीचे पंधरा सेकंद नेहमी शोधात धरा. क्लिप त्या वाक्याच्या सुरुवातीपासून पुढच्या स्पष्ट विरामापर्यंत घेतली:

```
ffmpeg -ss 1413.8 -to 1446.4 -i training.mp4 -c:v libx264 -c:a aac t1.mp4
```

`-c copy` जलद असतं, पण ते की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरच कापतं, आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये दोन की-फ्रेममध्ये काही सेकंदांचं अंतर असू शकतं. इतक्या छोट्या कामाला नव्याने एन्कोड करणंच बरं.

खरा धोका वेगळाच आहे. त्याच सत्रात ट्रेनर म्हणाला, “बरेच जण फक्त स्टॉप बटण दाबतात आणि हात आत घालतात.” पुढचं वाक्य होतं, “पण लॉक नसेल तर दुसरा कोणीही मशीन चालू करू शकतो.” पहिल्या वाक्याला गुण भरपूर मिळतात, आणि ते एकटंच उचललं तर चुकीची पद्धतच शिकवल्यासारखं होतं. म्हणून नियम असा: पुढचं वाक्य ‘पण’, ‘मात्र’, ‘म्हणून’ने सुरू होत असेल तर तेही क्लिपमध्ये घ्या, आणि निवडलेलं वाक्यच तसं सुरू होत असेल तर आधीचं घ्या.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे कोकणी. ट्रेनर मराठीत बोलतो, मागून कोणीतरी विचारतं, “मशीन बंद केलें म्हणजे पुरो न्ही?” बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या व्हिस्पर प्रोग्रामच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही, मग तो प्रश्न मोडक्या मराठीत उतरतो आणि त्याला गुणच मिळत नाहीत. असे प्रश्न अनेकदा सत्रातले सर्वात उपयोगी क्षण असतात. आम्ही ते तुकडे हाताने दुरुस्त करतो. सगळं ट्रान्सक्रिप्ट तपासायची गरज नसते, ट्रेनरखेरीज दुसरा आवाज जिथे येतो तेवढंच बघायचं.

व्हिडिओ जोडायच्या आधी निवडलेल्या वाक्यांचा मजकूर सलग छापून ट्रेनरला द्या. मशीन बंद करणं, वीज तोडणं, कुलूप लावणं, दाब सोडणं आणि शेवटी चालू करून खात्री करणं, यातली एखादी पायरी गळली असेल तर त्याला ती कागदावर मिनिटभरात दिसते.