प्रवेश फी ठरवताना

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

शेजारच्या गावात क्रिकेट स्पर्धेसाठी संघामागे दोन हजार घेतात, म्हणून आपणही तेवढीच प्रवेश फी ठेवावी, असे तू लिहिले आहेस. त्यांचे मैदान कदाचित ग्रामपंचायतीचे असेल आणि चषक कोणी देणगीदाखल दिले असतील. त्यामुळे त्यांचा आकडा तुझ्या कामाचा नाही. फी आपल्याच खर्चातून काढावी लागते.

सोळा संघांची, आठ षटकांची, टेनिस बॉलची बाद पद्धतीची स्पर्धा धरू. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो, म्हणून जितके संघ त्याहून एक सामना कमी, म्हणजे येथे पंधरा. एका सामन्याला दीड तास लागतो, तेव्हा दिवसाला पाच सामने बसतात आणि मैदान तीन दिवस घ्यावे लागते. दर तुझ्याकडचेच घाल. मी हिशेबासाठी मैदानाचे दिवसाला ४,००० आणि सर्व चषकांचे मिळून ६,००० रुपये धरतो. हे १८,००० रुपये संघ कमी आले तरी जवळपास तेवढेच राहतात. दुसरा खर्च सामन्यागणिक वाढतो. प्रत्येक डावाला नवा चेंडू, म्हणजे दोन चेंडूंचे २००, दोन पंचांचे ६०० आणि गुणलेखकाचे २००, असे सामन्याला १,००० रुपये होतात. झाडीत किंवा कौलांवर हरवणाऱ्या चेंडूंसाठी ६०० वेगळे ठेव. ही रक्कम बहुतेक जण विसरतात आणि मग उपांत्य सामन्यात झिजलेल्या चेंडूवर वाद होतो.

एकूण ३३,६०० झाले. सोळांनी भागले की २,१०० येतात. येथेच थांबू नकोस. तोंडी होकार देणारे सगळे संघ येतातच असे नाही. बारा आले, तर सामने अकरा होतील, पण तिसऱ्या दिवशी एकाच सामन्यासाठी मैदान घ्यावे लागेल आणि खर्च २९,६०० वर राहील. २,१०० प्रमाणे जमतील २५,२००, म्हणजे ४,४०० रुपये तुम्हा आयोजकांच्या खिशातून जातील. म्हणून भागाकार खात्रीच्या संघसंख्येने कर. बारांनी भागल्यास २,४६७ येतात. फी २,५०० ठेव. सोळाही आले, तर ६,४०० उरतील आणि पावसाने एक दिवस वाया गेला, तर मैदानाचे जादा भाडे त्यातून निघेल. पाऊस पडलाच नाही, तर शिल्लक कशासाठी वापरणार हे आधीच जाहीर कर. लोक पैशापेक्षा लपवाछपवीवर अधिक चिडतात.

प्रायोजकाने कबूल केलेली रक्कम हातात पडेपर्यंत या हिशेबात घेऊ नकोस. रोख बक्षिसे ठेवायची असतील, तर ती त्या पैशातूनच द्यावीत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पहिल्याच सामन्यात हरून घरी जाणाऱ्या आठ संघांवर तो भार टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

लॉट्स पाडण्यापूर्वी पूर्ण फी घे आणि पावती दे. ज्याची फी आली नाही, त्याचे नाव चिठ्ठीत नको. कार्यक्रम छापून झाल्यावर एखादा संघ गळला, तर समोरच्याला पुढे चाल द्यावी लागते, आणि त्या दिवसासाठी बोलावलेल्या पंचांचे मानधन मात्र द्यावेच लागते.

तुझा,
काका