एकाच अपडेटमध्ये तिघांशी बोलताना आधी ‘आपण’ काढा

प्रश्न: “दर शुक्रवारी मी एकच प्रोजेक्ट अपडेट पाठवतो. तो सर, दुसऱ्या टीमचा लीड आणि माझ्या हाताखालची नवीन मुलगी असे तिघंही वाचतात. मागच्या वेळी सर म्हणाले, हुकूम सोडल्यासारखं वाटलं. आणि त्या मुलीने विचारलं, माझ्यावर चिडलात का? एकाच मेलमध्ये तिघांशी कसं बोलायचं?”

तुमच्या हाताखालच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि मला माझी ज्युनिअर आठवली. तिने मला तो प्रश्न विचारलाच नाही. सरळ दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुद्देसूद लिहा, विषय स्पष्ट ठेवा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

आमचं काम जुन्या प्रणालीतल्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्याचं होतं. शनिवारी रात्री जुनी प्रणाली बंद करायची आणि त्याआधी दोन्हीकडच्या नोंदी जुळतात का, याचा अहवाल वाचून कुणीतरी ‘हो’ म्हणायचं. बुधवारच्या अपडेटमध्ये मी लिहिलं:

‘आपल्याला शुक्रवारपर्यंत जुळवणीचा अहवाल तपासून प्रणाली बंद करण्याचा निर्णय घ्यायचा आहे.’

आणि खाली ज्युनिअरसाठी: ‘तू जुळवणी एकदा बघून घे.’

पहिलं वाक्य आमच्या वरिष्ठ मॅडमसाठी होतं. ‘आपल्याला’ हे मी आदरार्थी लिहिलं होतं. मॅडमनी त्याचा अर्थ ‘आपल्या सगळ्यांना’ असा घेतला, म्हणजे टीम बघते आहे. डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला वाटलं, हे मॅडमना उद्देशून आहे, माझा संबंध नाही. आणि ‘एकदा बघून घे’चा अर्थ ज्युनिअरने कुणीही घेईल तोच घेतला: नजर टाक. तिने दोन्हीकडची एकूण संख्या ताडून पाहिली. ती बरोबर होती. सोमवारी कळलं, की कित्येक नोंदींमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे. दिवस बारापर्यंतचा असेल तिथे चुकीची तारीखसुद्धा खरी वाटते, म्हणून ती निमूट आत गेली होती. संख्या जुळत होती, तारखा जुळत नव्हत्या.

बैठकीत तोच मेल पडद्यावर लावला आणि विचारलं गेलं, तपासायला कुणाला सांगितलं होतं? सगळ्या मेलमध्ये नेमका कर्ता एकाच वाक्यात होता: ‘तू’. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी तिथेच बोलले, की वाक्य माझं आहे आणि चूक माझी आहे. पण पडद्यावरची ओळ माझ्या बोलण्यापेक्षा ठळक होती.

‘आपण’ हा शब्द समोरच्याला मान देतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असंही सांगतो. समोरासमोर नजरेवरून कळतं कोण ते. तिघांना एकत्र लिहिलेल्या मजकुरात नजर नसते. ‘आपण तपासूया’ म्हटलं की सगळे मिळून, ‘आपण तपासाल’ म्हटलं की समोरचा, इथवर क्रियापद सावरून घेतं. पण ‘आपण तपासावा’, ‘आपल्याला तपासायचा आहे’, ‘आपण ठरवलेली तारीख’ यांत दोन्ही अर्थ तितकेच बसतात. आणि कामाच्या मेलमध्ये नेमकी हीच रूपं जास्त येतात.

(अपडेटचा नमुना आमच्या तेव्हाच्या प्रशासन विभागाने दिला होता. वरिष्ठांना ‘आपण’च लिहायचं, असा आग्रह. या प्रकारानंतर बदल करा म्हणून मी तीनदा लिहिलं. तीनदा उत्तर आलं, ‘नमुना मंजूर आहे.’ चौथ्यांदा उत्तरच आलं नाही. एका ओळीच्या बदलासाठी! अजून राग जात नाही.)

आता मी तोच मजकूर असा लिहीन:

‘मॅडम, जुनी प्रणाली शनिवारी बंद करायची का, हा निर्णय तुमच्याकडून हवा आहे. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत कळवाल का? तारखांची तपासणी अजून बाकी आहे. ती झाली नाही तर एक आठवडा थांबावं, असं माझं मत आहे.

डेटाबेस: दोन्हीकडच्या तारखांची यादी गुरुवारी सकाळपर्यंत काढून द्याल का? ती आल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही. वेळ पुरणार नसेल तर आजच सांगा.

जुळवणी: यादी आली की प्रत्येक महिन्यातल्या वीस नोंदी उघडून दोन्हीकडची तारीख ताडून पाहा. संख्या जुळली तरी तारीख चुकलेली असू शकते, म्हणून हे करायचं आहे. एक जरी फरक दिसला तर तिथेच थांबून मला फोन करा.’

तिघांनाही ‘तुम्ही’ आहे. फरक सर्वनामात नाही, वाक्य काय मागतं त्यात आहे. वरिष्ठांकडे निर्णय मागितला, त्यासोबत माझं मत ठेवलं. सहकाऱ्याकडे वस्तू मागितली आणि नाही म्हणायला वाट ठेवली. त्याला ‘द्यावी’ लिहिलं असतं तर परकं वाटलं असतं आणि ‘दे’ लिहिलं असतं तर मॅडमसमोर मी त्याची साहेब झाले असते. ज्युनिअरला सर्वांत जास्त शब्द दिले, कारण काय करायचं, का करायचं आणि कुठे थांबायचं हे तिला विचारायला संकोच वाटतो. कमी शब्दांत सांगितलेलं काम ज्युनिअरला विश्वास वाटेल, असं आपण वरचे लोक समजतो. तिला ते कोडं वाटतं.

तुमच्या सरांचं म्हणाल तर माझा संशय ‘नोंद घ्यावी’ किंवा ‘निर्णय द्यावा’ यांपैकी एखाद्यावर आहे. ‘-आवे’ची रूपं आपल्याला अदबीची वाटतात, पण मेलमध्ये ती परिपत्रकासारखी वाटतात आणि परिपत्रक वरून खाली येतं. खालून वर जाताना ‘द्याल का’, ‘कळवाल का’ बरं. ‘बघून घ्या’ तर वरिष्ठांना अजिबात नको. त्यात हात झटकल्याचा सूर येतो.

चुकीबद्दल लिहिताना मराठीत एक सोय आहे, ती जपून वापरा. ‘यादी पाठवायची राहिली’ यात कर्ता नाही. ज्युनिअरकडून राहिलं असेल तर सर्वांसमोर असंच लिहा आणि तिच्याशी वेगळं बोला. स्वतःकडून राहिलं असेल तर मात्र ‘माझ्याकडून राहिली’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर वरिष्ठांना ते लपवल्यासारखं वाटतं, आणि बरोबरच वाटतं.

पाठवण्याआधी मी अजून एक करते. `Ctrl+F` दाबून ‘आप’ शोधते. आपण, आपला, आपल्याला, आपल्याकडून, सगळे सापडतात. प्रत्येकाच्या जागी मी, आम्ही, तुम्ही किंवा ‘आपण सगळे’ यांतलं काय बसतं ते ठरवते. बहुतेक वेळा दोन मिनिटं लागतात. जिथे ठरवता येत नाही, तिथे काम कुणाचं हेच मला माहीत नसतं, असं लक्षात आलं आहे.

हे सगळं माझ्या अनुभवापुरतं. काही टीममध्ये वरपासून खालपर्यंत सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, तिथे ‘तुम्ही’ लिहून उगाच भिंत उभी करू नका. सगळ्यांना एकच असेल तर तेही चालतं. फक्त एकट्या ज्युनिअरलाच ‘तू’ नको.

आणि तुमच्या हाताखालच्या मुलीचा गैरसमज. एरवी तुम्ही तिला ‘तू’ म्हणत असाल आणि मेलमध्ये अचानक ‘तुम्ही’ आलं असेल, तर ती घाबरणारच. घरीदारी आपण चिडल्यावरच ‘तू’चं ‘तुम्ही’ करतो. पुढचा अपडेट जाण्याआधी तिला तोंडी एवढंच सांगा: “शुक्रवारच्या मेलमध्ये मी सगळ्यांनाच तुम्ही लिहितो, तुलाही.”